चेकआउटनंतर "माझं कानातलं राहिलं" असा मेसेज आला तर

प्रश्न: आमचं गुहागरजवळ चार खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुणे निघून गेल्यावर व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "माझी अमुक वस्तू तुमच्याकडे राहिली, पाठवून द्या." मागच्या महिन्यात सोन्याची वस्तू होती, तेव्हा घाबरायलाच झालं. अशा मेसेजला नेमकं काय उत्तर लिहायचं, पाठवण्याचा खर्च कोणी द्यायचा, आणि मागणारी व्यक्तीच खरी मालक आहे हे कसं ठरवायचं?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. वस्तू सापडली असली तरी पहिल्या उत्तरात तिचा फोटो पाठवायचा नाही आणि तिचं वर्णनही आपण करायचं नाही. वर्णन पाहुण्यांकडून आलं पाहिजे. आपल्या हातात वस्तू असते आणि समोरच्याला घाई असते, म्हणून "हेच का तुमचं?" असं विचारत फोटो टाकायचा मोह होतो. पण फोटो एकदा गेला की ओळख पटवण्याचं आपल्याकडचं एकमेव साधन हातातून गेलं.

मी १९ वर्षं हॉटेलात काढली. आधी हाउसकीपिंग, नंतर फ्रंट ऑफिस. या काळात जी एक गोष्ट माझ्या मनात कायमची बसली तिच्या आधारानेच सांगते, कारण तुमचे तिन्ही प्रश्न तिच्यात आहेत.

महाबळेश्वरच्या एका हॉटेलात मी होते. डिसेंबरातली गर्दी. नाशिकचं एक कुटुंब तीन खोल्यांत उतरलं होतं, १०४, १०५ आणि १०६. तिन्ही खोल्या एकाच माणसाच्या नावावर आणि एकाच मोबाइल नंबरवर. सकाळी दहाला मंडळी निघाली. अकराच्या सुमारास १०४ आवरताना आमच्या मावशींना पलंगाच्या डोक्याकडच्या फटीत एक मोत्याची कुडी मिळाली. त्यांनी ती जागेवरच दुसऱ्या मुलीला दाखवली, खाली आणून दिली, आणि आम्ही रजिस्टरमध्ये नोंद केली: तारीख, वेळ, खोली १०४, पलंगाच्या डोक्याकडची फट, कानातलं एक, मोत्यांचं, पिवळ्या धातूचं, मागची फिरकी पांढऱ्या धातूची. खाली मावशींची सही आणि माझी सही. कुडी छोट्या पाकिटात घालून, पाकिटावर नोंदीचा क्रमांक टाकून, लॉकरमध्ये.

"पिवळ्या धातूचं" हा शब्द मुद्दाम लिहायचा. आपण सोनार नाही. "सोन्याची कुडी" असं लिहून ठेवलं आणि उद्या ती एक ग्रॅमवाली निघाली, तर "आमची सोन्याची होती, तुम्ही बदलली" हे ऐकून घ्यायची वेळ येते. पोलिसांच्या पंचनाम्यातही "पिवळ्या धातूची" असंच लिहितात, ते याच कारणाने. मेसेजमध्येसुद्धा हीच काळजी घ्या. "घड्याळ, डायलवर अमुक नाव" असं लिहा, "अमुक कंपनीचं घड्याळ" असं लिहू नका.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "मी काल तुमच्याकडे राहिले होते. माझं मोत्याचं कानातलं रूममध्ये राहिलंय. प्लीज बघा ना, सासूबाईंनी दिलेलं आहे."

कुडी माझ्या लॉकरमध्ये होती. तरी मी उत्तर असं लिहिलं:

> नमस्कार. तुमचा मेसेज मिळाला. घरातल्या मोठ्यांनी दिलेली वस्तू सापडेना की जिवाला किती घोर लागतो, ते समजते मी. आम्ही लगेच बघतो. त्यासाठी एवढं कळवा: कोणत्या तारखेला आणि कोणत्या खोलीत होतात, बुकिंग कोणाच्या नावाने होतं, आणि वस्तू कशी आहे ते तुमच्या शब्दांत. एक आहे की जोडी, शेवटची कुठे काढून ठेवल्याचं आठवतं, आणि तशाच दुसऱ्या वस्तूपेक्षा तिच्यात काय वेगळं आहे. बुकिंगच्या नंबरवरून मेसेज केलात तर काम लवकर होईल. संध्याकाळी सहापर्यंत मी स्वतः तुम्हाला उत्तर देते.

या मेसेजमध्ये काय नाही ते बघा. "सापडलं" नाही आणि "नाही सापडलं" हेही नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे "हो, तुम्ही काल आमच्याकडे होतात" हेही नाही. नंबर रजिस्टरमधला नसताना अमुक माणूस आपल्याकडे राहिला होता हे कबूल करणं म्हणजे पाहुण्यांची खासगी गोष्ट परक्याला सांगणं. कोणीतरी आपल्या घरच्या माणसाचा माग काढायला "माझ्या मिस्टरांचं घड्याळ राहिलंय का तुमच्याकडे?" असं विचारतं. असे फोन मी घेतले आहेत. घड्याळ खरंच राहिलेलं असलं तरी तिथे उत्तर एकच, "ज्या नंबरवरून बुकिंग झालं त्यावरून संपर्क करायला सांगा."

शेवटचं वाक्यही सवयीने लिहायला लागा. ठरलेली वेळ आणि "मी स्वतः" हे दोन शब्द. हरवलेल्या वस्तूचा माणूस दर दहा मिनिटांनी फोन बघत असतो. वेळ सांगितली की तो शांत होतो, आपल्यालाही शोधायला सवड मिळते. मात्र सांगितलेली वेळ पाळायचीच. काहीच हाती लागलं नाही तरी सहाला "अजून शोधतोय, उद्या अकराला पुन्हा कळवते" असं लिहायचं.

वस्तू सापडलेली नसेल तर हा मेसेज पाठवल्याबरोबर पहिलं काम कपड्यांचं गाठोडं थांबवायचं. चादरी आणि अभ्रे धुवायला गेले की बारीक वस्तू बहुतेक परत मिळतच नाही. आमच्याकडे लॉन्ड्रीची गाडी चारला यायची, म्हणून दुपारी आलेल्या प्रत्येक मेसेजला मी आधी त्या गाठोड्याकडे धावायचे. अभ्र्याच्या आतल्या घडीत, गादी आणि पलंगाच्या मधल्या फटीत, बाथरूमच्या जाळीत, व्हॅक्यूमच्या पिशवीत आणि कचऱ्याच्या डब्यात, याच क्रमाने शोधायचं. चार खोल्यांच्या होमस्टेमध्ये हे अर्ध्या तासात होतं.

तासाभरात त्या बाईंचं उत्तर आलं. "मोत्याची कुडी आहे, एकच. आम्ही १०५ मध्ये होतो, बाथरूममध्ये ठेवली असेल. वेगळं म्हणजे मागची फिरकी चांदीची आहे. मूळची हरवली, म्हणून सोनाराकडून नवीन बसवून घेतली होती."

आता बघा. खोली चुकली, जागा चुकली. पण फिरकी बरोबर.

मी अजून होकार दिला नव्हता, तोच चारच्या सुमारास दुसऱ्या एका नंबरवरून मेसेज आला. त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या बाई. "१०४ मध्ये होतो, माझी मोत्याची कुडी राहिली आहे, पलंगाजवळ बघा." खोली बरोबर, जागा बरोबर. तेच प्रश्न त्यांनाही विचारले. वेगळं काय, तर म्हणाल्या, "वेगळं काही नाही, नेहमीची कुडी, फिरकीसकट सोन्याची."

दोघी सख्ख्या जावा. दोघींच्या कुड्या लग्नात सासरहून आलेल्या, एकसारख्या. रात्री सगळ्याजणी १०४ मध्ये गप्पा मारत बसल्या होत्या, तिथेच पहिलीने कानातलं काढून उशीपाशी ठेवलं आणि मागाहून विसरली. दुसरीला स्वतःची एक कुडी सापडेना म्हटल्यावर तिचीही खोलीतच राहिली असणार असं वाटलं. दोघीही खरं बोलत होत्या. मी दुपारीच फोटो पाठवला असता तर दोघीही मनापासून "हीच माझी" म्हणाल्या असत्या, आणि मी एका घरात भांडण लावून दिलं असतं. वर्णन आधी मागायचं ते फक्त लबाड माणसाला अडवायला नव्हे. प्रामाणिक माणूससुद्धा फोटो बघितला की आपली आठवण त्या फोटोवर बेतून घेतो.

यातून वर्णनाबद्दल मला जे कळलं ते असं. खोली आणि जागा यांना फार वजन देऊ नका. वस्तू कुठे ठेवली हे आठवलं असतं तर ती राहिलीच नसती. रंग, आकार, कंपनी यांनाही मर्यादा आहे, कारण काळा चार्जर प्रत्येकाकडे असतो. वजन द्यायचं ते वापराच्या खुणेला. बदललेली फिरकी, चष्म्याच्या दांडीला चिकटवलेली टेप, इअरबडच्या डबीवरचा ओरखडा, मुलाच्या जर्किनच्या कॉलरवर आतून लिहिलेलं नाव, पाकिटातल्या देवाच्या तसबिरी. मोबाइल असेल तर लॉक स्क्रीनवर कोणाचा फोटो आहे ते विचारायचं, आणि हातात द्यायच्या आधी तो त्यांनी आपल्यासमोर उघडून दाखवायचा. म्हणूनच रजिस्टरमध्ये नोंद करताना अशी एक तरी खूण टिपून ठेवायची, आणि ती खूण तोंडून बाहेर पडू द्यायची नाही. तुमच्या घरातल्या मदतनीसांनाही सांगून ठेवा. पाहुणे थेट त्यांना फोन करतात, आणि ते भाबडेपणाने "हो हो ताई, चांदीच्या फिरकीची ना?" असं म्हणून मोकळे होतात.

वर्णन जुळलं म्हणजे वस्तू याच कुटुंबाची हे कळलं. पण ज्या नंबरवर आपण बोलतोय ती व्यक्ती कोण, हे अजून ठरायचं असतं. यासाठी मी नवीन आधार कार्ड कधीच मागवलं नाही. चेक-इनच्या वेळी ओळखपत्र घेतलेलं असतं, पत्ता आपल्याकडे असतो, मोबाइल नंबर आपल्याकडे असतो. मेसेजवर आलेला ओळखपत्राचा फोटो काहीच सिद्ध करत नाही, कारण दुसऱ्याच्या कार्डाचा फोटो कोणाच्याही मोबाइलमध्ये असू शकतो. उलट तो आपल्या फोनमध्ये पडून राहतो आणि ती जोखीम आपली. ओळखपत्र पाहिजेच असेल तर आधारचे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार मागा.

भरवशाची पद्धत साधी आहे. त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या रजिस्टरमधल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. त्या दिवशी मी बुकिंगवाल्या दिरांना फोन केला आणि इतकंच म्हटलं, "तुमच्यासोबतच्या एका पाहुण्यांनी एका वस्तूची चौकशी केली आहे. आम्ही कोणाशी बोलायचं, त्यांचं नाव आणि नंबर या क्रमांकावरून मला लिहून पाठवाल का?" वस्तू काय, कुठे सापडली, किती मोलाची, काही नाही. पाच मिनिटांत त्यांनी वहिनीचं नाव आणि नंबर लिहून पाठवला, आणि तो दुपारचाच नंबर निघाला. मग मी वहिनींना लिहिलं:

> नमस्कार. तुम्ही सांगितलेल्या खुणेची एक वस्तू आमच्याकडे सुरक्षित ठेवली आहे. खात्रीसाठी फोटो पाठवते आहे. हीच तुमची असेल तर "होय, माझी आहे" असं लिहा आणि जोडीतल्या दुसऱ्या कुडीचा फोटो पाठवा. वस्तू कशी परत करायची ते मग ठरवू.

फोटोची वेळ ही. जोडीतली वस्तू असली की दुसऱ्या नगाचा फोटो मागायची ही युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. कानातलं, हातमोजा, एका बाजूचं इअरबड, चप्पल, सगळ्यांना चालते.

बुकिंग ॲपवरून झालं असेल आणि पाहुण्यांचा खरा नंबर तुमच्याकडे नसेल, तर त्याच ॲपच्या मेसेजमधून बोलायला सांगा. तिथे लिहिणारी व्यक्ती बुकिंगच्या खात्यातूनच लिहीत असते.

आता खर्च. तो सर्वसाधारणपणे पाहुण्यांनी द्यायचा, आणि तसं सांगायला संकोच करू नका. फक्त चूक आपली असेल, म्हणजे खोली बदलताना सामान आपल्या माणसांनी हलवलं किंवा इस्त्रीला दिलेला शर्ट परत द्यायचा आपणच विसरलो, तर खर्च आपला, आणि तो पाहुण्यांनी विचारायच्या आधी आपण सांगायचा. कायद्याचं म्हणाल तर भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती नीट सांभाळायची जबाबदारी येते. कलम १६८ सांगतं की सांभाळण्यासाठी आणि मालक शोधण्यासाठी आपणहून केलेल्या खर्चाचा दावा लावता येत नाही, पण तो मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. मी हे कलम कधी कोणाला मेसेजमध्ये दाखवलं नाही, आणि तुम्हीही दाखवू नका. पण आधी पैसे मग पार्सल हा क्रम गैर नाही, एवढं आपल्याला माहीत असलेलं बरं.

खर्च अंदाजाने सांगायचा नाही. वस्तू डबीत घालून, पॅक करून, वजन करून, पोस्टात किंवा कुरियरवाल्याकडे विचारून मगच आकडा लिहायचा. "शंभर-दीडशे होतील" असं लिहून नंतर तीनशे मागितले की चांगला चाललेला संवाद तिथे नासतो. आणि वस्तूच्या किमतीकडे बघा. पाचशेच्या चार्जरसाठी दोनशे रुपये लागणार असतील तर तसं स्पष्ट सांगा, बरेचजण "राहू द्या" म्हणतात. पॉवर बँक असेल तर आधी चौकशी करा. त्यातल्या लिथियम बॅटरीमुळे विमानाने जाणाऱ्या पार्सलात ती सहसा घेत नाहीत.

दागिन्यांचं वेगळं. बहुतेक खासगी कुरियर कंपन्यांच्या अटींत दागिने आणि रोकड चालत नाही. काउंटरवरचा मुलगा कदाचित घेईल, पण पार्सल गहाळ झालं की भरपाई मागायला जागा उरत नाही. "आत काय आहे" याला "कपडे" असं उत्तर देऊन सोनं पाठवायचं नाही, पाहुण्यांनी आग्रह केला तरी. पोस्टाने पाठवायचं तर विमा उतरवून. विम्याची किंमत पाहुण्यांनी लिहून द्यायची, आपण ठरवायची नाही, आणि खऱ्या किमतीपेक्षा जास्त दाखवायची नाही. मौल्यवान वस्तूत टपालापेक्षा विम्याचाच खर्च मोठा असतो. म्हणून आकडा कळवताना दोन्ही वेगळे लिहायचे.

एक जुनी सवय मात्र सोडायला हवी. "रजिस्टर करून पाठवते" असं आपण लिहून जातो. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. आता स्पीड पोस्टवरच "रजिस्ट्रेशन" मागून घ्यायचं. मग वस्तू पत्त्यावरच्या त्याच व्यक्तीला, किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीलाच देतात. ओटीपी घेऊन देण्याची सोयही आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून या दोन्हींचे प्रत्येकी पाच रुपये अधिक जीएसटी पडतात. माझ्या महाबळेश्वरच्या दिवसांत ओटीपी नव्हता, आज असता तर मी दर वेळी घेतला असता.

खर्चाचा मेसेज असा लिहा. रकमा पॅकिंग आणि चौकशी झाल्यावर भरा:

> तुमची वस्तू विमा उतरवून स्पीड पोस्टाने पाठवता येईल. टपाल … रुपये, तुम्ही सांगितलेल्या किमतीचा विमा … रुपये, डबी … रुपये, एकूण … रुपये. सांगितलेली किंमतच धरायची ना, ते कृपया लिहून कळवा. पत्ता चेक-इनच्या वेळी दिलेलाच ठेवायचा की बदलायचा? पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कसं हवं? खर्चाची रक्कम तुम्ही राहण्याचं बिल ज्या खात्यावर भरलं होतं त्याच खात्यावर पाठवा. आम्ही ओटीपी किंवा पिन कधीही मागत नाही. पावतीचा फोटो पाठवू आणि रक्कम उरली तर परत करू. कोणी ओळखीचं इकडे येणार असेल तर हातीही देता येईल, त्याला काही खर्च नाही.

"त्याच खात्यावर" हे मुद्दाम. हल्ली पाहुणेही घाबरलेले असतात, हॉटेलच्या नावाने पैसे उकळणारे खूप झाले आहेत. नवीन क्यूआर कोड पाठवला की त्यांना शंका येते, आणि ती रास्त आहे. पॅकिंगचं म्हणून वर शे-दोनशे लावायचे नाहीत.

पाठवणाऱ्याचं नाव विचारायचं कारण तुम्ही ओळखलं असेल. पार्सल घरी कोण उघडेल ते आपल्याला माहीत नसतं. होमस्टेचा शिक्का मारलेलं पाकीट प्रत्येकाला घरी आलेलं चालतंच असं नाही. म्हणूनच, पाहुण्यांनी विचारलं नसताना आपण होऊन "तुमची वस्तू राहिली" असा मेसेज साध्या वस्तूंसाठी करायचा नाही. रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचं आणि वाट बघायची. पासपोर्ट, औषधं, कवळी, मोबाइल यांच्यासाठी मात्र थांबायचं नाही. तेव्हाही बुकिंगच्या नंबरवर "कृपया एक फोन करा" एवढंच लिहायचं.

पत्ता बदलून मागितला तर तो फक्त मेसेजवरून मान्य करू नका. रजिस्टरमधल्या किंवा खात्री झालेल्या नंबरवर फोन करून, पत्ता त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचा. हाती द्यायचं ठरलं तर पाहुण्यांनी येणाऱ्या माणसाचं नाव लिहून कळवायचं, आणि आपण पाहुण्यांना एक चार आकडी क्रमांक सांगायचा. येणाऱ्याने तो क्रमांक सांगितला, ओळखपत्र दाखवलं आणि रजिस्टरमध्ये सही केली की वस्तू द्यायची. "मी त्यांचा भाऊ, माझ्याकडे द्या, कामाची घाई आहे" असं म्हणत कोणी दारात उभं राहिलं तरी क्रमांकाशिवाय नाही. गोड बोलून चहा द्या, तोवर फोन लावा.

वस्तू सापडलीच नाही, तर "आमच्याकडे काही नाही" एवढ्यावर मेसेज संपवू नका. त्या वाक्याचा अर्थ "आम्ही बघितलंच नाही" असा लागतो. कुठे कुठे बघितलं ते लिहा:

> आम्ही तुमची खोली, बाथरूम, पलंगाखालची आणि गादीमागची जागा, धुण्याचे कपडे आणि त्या दिवसाचा कचरा तपासला. वस्तू मिळाली नाही, याचं वाईट वाटतं. नोंद करून ठेवली आहे, मिळाल्यास याच नंबरवर कळवू. एकदा बॅगेचे आतले कप्पे, गाडीच्या सीटमागची जागा आणि कपड्यांच्या घड्याही बघाल का?

शेवटची सूचना विनंतीच्या सुरात, आणि शोध पूर्ण झाल्यावरच. पहिल्याच उत्तरात "आधी बॅग बघा" म्हटलं की माणूस दुखावतो. कोणी तुमच्या कामाच्या बाईंवर आळ घेतला तर त्यांची बाजू मांडत बसू नका आणि त्यांना दोषही देऊ नका. शोध कधी, कोणी, कुठे घेतला ते लिहा. तक्रार करायची असेल तर आपल्या पोलीस ठाण्याचं नाव सांगा आणि सहकार्य करू असं लिहा. सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसाचं चित्रण पुसलं जाणार नाही हे लगेच बघा. रजिस्टरमधल्या दोन सह्या तुमच्या बाईंना अशा वेळीच वाचवतात.

त्या दुसऱ्या जाऊबाईंनाही मी असंच कळवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, कुडी शालीच्या घडीत मिळाली, टाक्यात अडकली होती.

पहिलीची कुडी मी कापसात गुंडाळून छोट्या डबीत घातली, डबी हलवून आवाज येत नाही ना ते पाहिलं, पॅकिंग करतानाचा व्हिडिओ काढला आणि पोस्टात स्वतः गेले. पावतीवरचा क्रमांक लगेच त्यांना पाठवला, म्हणजे पार्सल कुठवर आलं ते त्यांनाच बघता येईल, आणि लिहिलं, "मिळाल्यावर उघडतानाचा एक छोटा व्हिडिओ काढा, आणि मला 'मिळालं' एवढं कळवा." ते उत्तर आलं त्या दिवशी रजिस्टरमधल्या नोंदीसमोर तारीख, पावतीचा क्रमांक आणि "परत केली" असं लिहिलं, पुन्हा दोन सह्या घेतल्या. मग माझ्या आणि मावशींच्या फोनमधले कुडीचे फोटो आणि त्यांचा घरचा पत्ता पुसून टाकला.